शास्त्राचा पेपर आन् हातात फक्त २१ दिवस: माझ्या भाचीसाठी केलेलं टाइमटेबल

माझी भाची लातूरला मोंढ्यात एका आडत दुकानात हिशोब लिहिते आन् संध्याकाळी गाणं शिकते. मागच्या वर्षी विशारदच्या परीक्षेला बसली होती. मार्चच्या शेवटी एका रात्री फोन आला, "मावशी, तीन आठवडेच राहिलेत, रोज वाचायलेय पण काहीच राहीना डोक्यात." म्हणलं काय वाचायलीस? तर म्हणे गाईड, पहिल्या पानापासून. इथंच गडबड असते. शास्त्र आन् इतिहासाचा पेपर पहिल्या पानापासून वाचून होत नाही, निदान तीन आठवड्यात तर नाहीच, कारण त्यात तीन वेगवेगळ्या जातीचा माल असतो आन् प्रत्येकाची तयारी वेगळी असते. तेव्हा तिला जे टाइमटेबल करून दिलं तेच इथं लिहितेय, कशामुळं तसं केलं ते पण सांगते. तुमचा सिलॅबस थोडा वेगळा असेल, राग-ताल वेगळे असतील, तेवढं बदलून घ्या.

आधी एक संध्याकाळ: तीन ढीग

जुने पेपर मिळतील तेवढे काढा, चार-पाच तरी. प्रश्न वाचत बसू नका, प्रत्येक प्रश्नापुढं पेन्सिलीनं एकच अक्षर लिहायचं, ह, ड नाहीतर ग. ह म्हणजे हाताचं: तालाची लयकारी लिहा, श्रुती-स्वरांचा तक्ता द्या, बंदिशीचं नोटेशन करा. ड म्हणजे डोक्याचं: ग्रंथ, ग्रंथकार, चरित्रं, काळ. आन् ग म्हणजे गळ्याचं: रागाची माहिती, दोन रागातला फरक, स्वरावरून राग ओळखा.

भाचीनं मोजलं तर मार्कांच्या हिशोबात हाताचं आन् डोक्याचं जवळपास सारखंच निघालं, गळ्याचं थोडं कमी. आन् ती गेले दोन महिने काय करायली होती? फक्त रागांची माहिती पाठ. जे तिला रोज गाऊन आधीच येतंय तेच परत परत. मी पण माझ्या वेळेला हेच केलं होतं, राग इतके सुंदर लिहिले की विचारू नका आन् शेवटच्या पंचवीस मिनिटात लयकारीचा प्रश्न उघडला, बिआड लिहायला घेतली, हात कापायला लागला आन् अर्धं आवर्तन कोरं सोडून पेपर दिला. तो राग (गाण्यातला नाही, दुसरा) अजून आहे.

म्हणून क्रम ठरला तो असा. पहिला आठवडा हाताचं, कारण हाताला वळण लागायला दिवस लागतात आन् ते एका रात्रीत होत नाही. दुसरा आठवडा डोक्याचं, कारण तारखा आन् नावं लवकर पाठ केली तर लवकर उडतात, आन् फार उशिरा केली तर एकमेकात मिसळतात. गळ्याचं वेगळं बसून करायचंच नाही, रोजच्या रियाजातच घुसवायचं. तिसऱ्या आठवड्यात नवीन काहीच नाही, फक्त घड्याळ लावून पूर्ण पेपर.

वेळ किती? तिला सकाळी साडेपाच ते पावणेसात आन् रात्री साडेनऊ ते सव्वादहा मिळत होते, म्हणजे दिवसाला दोन तास. २१ दिवसाचे ४२ होतात कागदावर, पण त्यात एक लग्न होतं आन् दोन दिवस मोंढ्यात हरभऱ्याची आवक इतकी की रात्री दहालाच घरी. म्हणून मी ३५ तासच धरले. तुम्ही पण पाच-सहा तास आधीच सोडून द्या, नाहीतर पहिला दिवस चुकला की सगळं टाइमटेबल चुकलं असं वाटून माणूस ते फाडून टाकतो.

दिवस १ ते ३: बावीस श्रुती, पण हातानं सरकवून

सकाळचा वेळ हाताच्या ढिगाला द्यायचा, डोकं ताजं असतं आन् उन्हाळ्यात तेवढाच काय तो गारवा. सगळ्यात आधी श्रुती, कारण ह्या एका तक्त्यावर चार-पाच प्रश्न उभे असतात, भरताचे स्वर, ग्राम, सारणा चतुष्टयी, आधुनिक स्वरस्थानं.

आकडे एकदाच पाठ करा: ४, ३, २, ४, ४, ३, २. सा रे ग म प ध नी, बेरीज २२. षड्जग्राम तो हाच. भरत स्वर ठेवतो शेवटच्या श्रुतीवर, म्हणजे सा चौथ्या श्रुतीवर, रे सातव्या, ग नवव्या, म तेराव्या, प सतराव्या, ध विसाव्या आन् नी बाविसाव्या. भातखंडे पद्धतीत आकडे तेच पण स्वर पहिल्या श्रुतीवर, म्हणून सा १, रे ५, ग ८, म १०, प १४, ध १८, नी २१. निम्मे लोक इथंच चुकतात, एका उत्तरात सा चौथ्यावर लिहितात आन् रे पाचव्यावर. तपासायची एकच खूण सांगते: भरताच्या तक्त्यात नी बरोबर २२ वर संपला पाहिजे, आधुनिक तक्त्यात सा बरोबर १ वर सुरू झाला पाहिजे. दोन्ही तक्ते एकाखाली एक, रोज सकाळी पेन उचलल्या उचलल्या न बघता लिहायचे, तीन मिनिटं लागतात. एकविसच्या एकवीस दिवस.

आता सारणा चतुष्टयी. गाईडात हे दोन पानं असतं आन् पाठ करणाऱ्याला तिसऱ्या सारणेला घाम फुटतो. ह्यात पाठ करण्यासारखं काहीच नाही, हे करून बघायचं असतं. भाचीकडं दुकानातल्या कच्च्या पावत्यांचा गठ्ठा असतोच, मागून कोऱ्या. त्याच्या दोन लांब पट्ट्या कापायला लावल्या. एका पट्टीवर २३ घरं आखली, ० ते २२. ही अचल वीणा, हिचे स्वर हलत नाहीत. ४, ७, ९, १३, १७, २०, २२ ह्या घरात सा ते नी लिहिले आन् शून्याच्या घरात मंद्र नी (हे शून्याचं घर विसरलात तर चौथी सारणा बसणार नाही, तिनं पहिल्यांदा विसरलंच होतं आन् अर्धा तास माझ्याशी भांडली). दुसरी पट्टी तशीच, ही चल वीणा, पहिलीच्या खाली ठेवायची.

पहिली सारणा: चल वीणेचा पंचम एक श्रुती खाली आणायचा, म्हणजे तो मध्यमग्रामाचा पंचम झाला, १७ वरून १६ वर. मग त्या पंचमाला धरून बाकीची वीणा परत षड्जग्रामात लावायची, म्हणजे सगळेच स्वर एक श्रुती उतरले. पट्टी एक घर डावीकडं सरकवा. बघा, चल वीणेचा कुठलाच स्वर अचल वीणेच्या कुठल्याच स्वरावर येत नाही. उत्तरात हे वाक्य लिहायचं असतं, बहुतेक जण सोडतात.

दुसरी सारणा, अजून एक घर. आता चल वीणेचा ग ९ वरून ७ वर आला, तिथं अचल वीणेचा रे आहे. नी २२ वरून २० वर, तिथं ध. म्हणजे ग आन् नी दोन-दोन श्रुतींचे, हे सिद्ध झालं.

तिसरी, अजून एक घर. रे ७ वरून ४ वर, म्हणजे सा वर. ध २० वरून १७ वर, म्हणजे प वर. रे आन् ध तीन-तीन श्रुतींचे.

चौथी, अजून एक. सा ४ वरून शून्यावर, म्हणजे मंद्र नी वर. म १३ वरून ९ वर, ग वर. प १७ वरून १३ वर, म वर. सा, म, प चार-चार श्रुतींचे.

आता बेरीज करा, दोन स्वर दोनाचे ४, दोन स्वर तिनाचे ६, तीन स्वर चाराचे १२, झाले २२. सगळं उत्तर ह्या पट्टीतच आहे. भाचीनं तीन दिवस सकाळी पट्टी सरकवत तोंडानं बोलून आन् चौथ्या दिवशी पट्टी न घेता लिहिलं, एक पान, पंधरा मिनिटं. एक काळजी घ्या, ह्या उत्तरात हर्ट्झ-बिर्ट्झ घुसवू नका. भरतानं मोजमाप दिलेलं नाही, दोन ग्रामांच्या पंचमातला जो फरक कानाला कळतो तीच त्याची प्रमाणश्रुती. कंपनसंख्येचा प्रश्न वेगळा, तिथं सा २४० धरून ३६ इंची तारेवर म २७ इंचाला, प २४ इंचाला, तार सा १८ इंचाला. तार जितकी कमी तितकी संख्या जास्त, म्हणून २४० ला ३६ नं गुणून लांबीनं भागा, प येतो ३६० आन् म ३२०. इतकं कळलं की पुढचे स्वर तुम्हीच काढाल.

दिवस ४ ते ७: लयकारी, एकच सूत्र

चार सकाळी फक्त ताल. एका सकाळी एकच ताल घ्या पण सगळ्या लयी लिहा. पाच ताल एकाच लयीत लिहिले तर हात चालतो पण डोकं झोपतं.

सूत्र असं: तालाच्या मात्रांना लयीनं भागा, तेवढ्या मात्रांत पूर्ण आवर्तन बसणार. ते मूळ मात्रांतून वजा करा, तेवढं थांबून सुरू करायचं म्हणजे समेवर येता. झपतालाचं बघू. १० मात्रा. दुगुन ५ मात्रांत बसते, म्हणून सहाव्या मात्रेपासून. चौगुन अडीच मात्रांत, म्हणून साडेसात मात्रा सोडून. आड म्हणजे दीडपट, १० ला दीडनं भागलं की ६ पूर्णांक २/३, वजा केलं की ३ पूर्णांक १/३. म्हणजे तीन मात्रा ठायीतच जातील आन् चौथ्या मात्रेच्या तीन हिश्श्यांतला पहिला सोडून आड सुरू होईल.

लिहायचं कसं? आडीत प्रत्येक मात्रेचे तीन हिस्से आन् प्रत्येक बोल दोन हिस्से खातो, एक बोल एक अवग्रह. तर असं होतं:

```
मात्रा १ : धीं
मात्रा २ : ना
मात्रा ३ : धीं
मात्रा ४ : ऽ धीं ऽ
मात्रा ५ : ना ऽ धीं
मात्रा ६ : ऽ धीं ऽ
मात्रा ७ : ना ऽ ती
मात्रा ८ : ऽ ना ऽ
मात्रा ९ : धीं ऽ धीं
मात्रा १० : ऽ ना ऽ
```

आन् मग सम. पेपरात हे आडवं लिहायचं, खाली २, ३, २, ३ असे विभाग पाडून चिन्हं द्यायची, पहिलीला सम, तिसरीला टाळी, सहावीला खाली, आठवीला टाळी. बरोबर आहे का हे कसं कळणार? आडीचे हिस्से मोजा. १० बोल, प्रत्येकी २, म्हणजे २० हिस्से पाहिजेत. चौथ्या मात्रेत दोन, पुढच्या सहा मात्रांत प्रत्येकी तीन म्हणजे १८. झाले २०. एक जरी कमी-जास्त निघाला तर कुठंतरी अवग्रह खाल्लाय, आन् तो नव्वद टक्के वेळा जोडून आलेल्या दोन धीं मध्येच खाल्लेला असतो. हातानं टाळी देत तोंडानं म्हणून पण बघा, पण मोजणं सोडू नका, तोंड स्वतःची चूक झाकून नेतं.

कुआडीचा घोळ आधीच मिटवा. काही गुरू कुआड म्हणजे सव्वापट शिकवतात, ५/४, काही आडीची आड म्हणजे ९/४ शिकवतात. बिआडीचं पण तसंच, पावणेदोनपट म्हणजे ७/४ हे जास्त चालतं पण वेगळं मत पण आहे. आपल्या गुरूंना आजच विचारा, आन् पेपरात लिहायच्या आधी एका ओळीत लिहून टाका की इथं कुआड म्हणजे चार मात्रांत पाच असं धरलंय. सव्वापट धरली तर झपताल सोपा, ८ मात्रांत बसतो, तिसऱ्या मात्रेपासून सुरू.

नोटेशनच्या खुणांना अर्धी सकाळ द्या, कारण तिथं एक सापळा आहे. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक. पलुस्कर पद्धतीत डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र, आन् तारासाठी डोक्यावर उभी रेघ. तेच टिंब, अर्थ उलटा! समेला भातखंड्यांचं गुणाकाराचं चिन्ह, पलुस्करांचा १. खालीला भातखंड्यांचं शून्य, पलुस्करांचं अधिकचं चिन्ह. एकाच बंदिशीची पहिली ओळ दोन्ही पद्धतीत एकाखाली एक लिहून भिंतीला लावा, रोज चहा पिताना दिसली पाहिजे.

ह्या आठवड्यात रात्रीची पाऊण तास वेळ? रात्री फक्त पारिभाषिक शब्द, अल्पत्व-बहुत्व, आविर्भाव-तिरोभाव, गमक असले. रोज चार, प्रत्येकी तीन ओळी आन् एका रागातलं उदाहरण. उदाहरण आपण गातो त्या रागातलंच घ्यायचं, गाईडातलं नाही. जास्त नको.

दिवस ८ ते १४: इतिहास, दोरीवर

भाचीच्या खोलीत कपडे वाळत घालायची एक नायलॉनची दोरी आहे. त्याच पावत्यांच्या मागं एकेक नाव लिहून चिमट्यानं दोरीवर लावायला सांगितलं, डावीकडून उजवीकडं काळानुसार. नऊच पावत्या, जास्त नाही: भरत, मतंग, शारंगदेव, मानसिंह तोमर, रामामात्य, अहोबल, व्यंकटमखी, भातखंडे, पलुस्कर. प्रत्येक पावतीवर ग्रंथ नाहीतर काम, काळ, आन् एकच वाक्य की ह्या माणसामुळं काय बदललं. नाट्यशास्त्र, इ.स.पू. २०० ते इ.स. २०० च्या दरम्यान मानतात, ग्राम-मूर्च्छना-जाती. बृहद्देशी, रागाची व्याख्या पहिल्यांदा इथं. मानसिंह तोमर ग्वाल्हेरचा, १४८६ ते १५१६ राज्य, ध्रुपदाला आश्रय. स्वरमेलकलानिधी १५५०. अहोबलाचं संगीत पारिजात, तारेच्या लांबीवरून स्वर सांगितले. चतुर्दंडिप्रकाशिका, ७२ मेळ. असं.

रोज रात्री आल्यावर दोरीवरच्या सगळ्या पावत्या काढायच्या, पिसायच्या आन् परत लावायच्या. पहिल्या दिवशी अकरा मिनिटं लागली तिला आन् रामामात्य भरताच्या शेजारी जाऊन बसला. सहाव्या दिवशी दीड मिनिट. क्रम हाताला बसला की मग सनावळ्या कमी छळतात, एखादं साल विसरलं तरी "शारंगदेवानंतर, भातखंड्यांच्या बऱ्याच आधी" इतकं तरी चुकत नाही.

सकाळी मात्र त्यातल्या एकाचं पूर्ण उत्तर लिहायचं, वीस मिनिटं घड्याळ लावून. एक उत्तर सविस्तर दाखवते, आपल्या घरचंच आहे, आपल्याला तर ते यायलाच पाहिजे.

संगीत रत्नाकर. तेराव्या शतकात लिहिला गेला देवगिरीत, म्हणजे आपल्या दौलताबादला, सिंघण यादवाच्या दरबारी (राज्यकाळ साधारण १२१० ते १२४७). वेरूळला जाताना एसटीतून जो किल्ला दिसतो तोच. शारंगदेवाचा आजा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आला, वडील सोढल यादवांच्या पदरी. आन् शारंगदेव स्वतः दरबारात काय होता माहितीय का? श्रीकरणाधिप. हिशोबाच्या खात्याचा अधिकारी! हे सांगितल्यावर भाची पाच मिनिटं हसली, म्हणे मावशी म्हणजे तो पण दिवसभर खतावणी लिहून रात्री गाण्याचं बघायचा. ते नाव ती आता मरेपर्यंत विसरणार नाही.

उत्तर कसं बांधायचं? पहिला परिच्छेद वरचाच, कोण, कुठं, कधी, चार ओळी. मग सात अध्याय क्रमानं: स्वरगत, रागविवेक, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य, नर्तन. म्हणूनच त्याला सप्ताध्यायी म्हणतात. प्रत्येकापुढं एक ओळ, त्यात काय आहे ते. प्रकीर्णकात लोक अडकतात, त्यात गायकाचे गुणदोष, वाग्गेयकार, आलप्ती असं आहे. तिसऱ्या परिच्छेदात दोन मुद्दे खोलात: ७ शुद्ध आन् १२ विकृत असे १९ स्वर, आन् २६४ रागांचं दहा प्रकारात वर्गीकरण (ग्रामराग, उपराग, राग, भाषा, विभाषा, अंतरभाषा, रागांग, भाषांग, क्रियांग, उपांग). शेवटी महत्त्व. इथं "अत्यंत महान व अमूल्य ग्रंथ आहे" असं लिहून अर्धं पान भरू नका, तपासणाऱ्यानं तसले शंभर वाचलेले असतात. त्यापेक्षा असं लिहा की उत्तर-दक्षिण अशा दोन पद्धती स्पष्ट वेगळ्या व्हायच्या आधीचा हा ग्रंथ, म्हणून दोघंही त्याला आधार मानतात, त्यावर सिंहभूपाल आन् कल्लिनाथ ह्यांच्या टीका आहेत, आन् मर्यादा ही की त्यातले राग आजच्या त्याच नावाच्या रागांशी सरळ जुळत नाहीत. मर्यादा लिहिली की उत्तर वेगळं दिसतं.

भातखंडे-पलुस्कर मात्र जोडीनंच करा, वेगवेगळी चरित्रं पाठ केली की एकाची संस्था दुसऱ्याच्या नावावर जाते. पान उभं दुमडून डावीकडं एक, उजवीकडं एक. भातखंडे १८६० ते १९३६, वकील, फिरून बंदिशी जमवल्या, १० थाट, १९१६ ला बडोद्याची परिषद, १९२६ ला लखनौचं कॉलेज. पलुस्कर १८७२ ते १९३१, कुरुंदवाडचे, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य, ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय. एकानं शास्त्र लावून दिलं, दुसऱ्यानं गाणं समाजात नेलं, तुलनेचं उत्तर ह्या एका धाग्यावर ओवायचं.

गळ्याचं, रोज रियाजात

रागांना टाइमटेबलमध्ये वेगळी रकाना नाही म्हणल्यावर भाची घाबरली होती. पण बघा, भूप गाताना तुम्ही ग वर थांबता, देसकार गाताना ध वर. तेच तर उत्तर आहे. दोघांचे स्वर तेच, सा रे ग प ध. भूप कल्याण थाटाचा, वादी ग संवादी ध, पूर्वांगप्रधान, रात्रीचा पहिला प्रहर. देसकार बिलावल थाटाचा, वादी ध संवादी ग, उत्तरांगप्रधान, सकाळचा. रियाज झाला की तानपुरा बंद करायच्या आधी त्या रागाची माहिती वहीत सात मिनिटात लिहायची, बस. आन् सिलॅबसमधल्या जोड्या जोडीनंच गायच्या, मारवा-पूरिया-सोहनी सलग, भूप-देसकार सलग. जी जोडी गाताना घसरते तीच पेपरात घसरणार, तिच्यावर लाल खूण करा.

दिवस १५ ते २१: घड्याळ

पंधराव्या दिवशी रविवार येईल असं मांडा, सलग वेळ लागतो. जुना पेपर, पूर्ण वेळ लावून, मोबाईल दुसऱ्या खोलीत. भाचीचा पहिला पेपर तीन तासाच्या हिशोबात पस्तीस मिनिटं जास्त गेला. कुठं गेली ती मिनिटं? रागांत. प्रत्येक राग दीड पान. म्हणून नियम केला, आधी हाताचे प्रश्न, मग इतिहास, राग शेवटी, कारण राग घाईत पण लिहिता येतो, बिआड घाईत येत नाही. दुसरा पेपर अठराव्या दिवशी, आठ मिनिटं उरली. मधले दिवस फक्त चुकांचे. चूक झाली की "अभ्यास कमी" असं लिहायचं नाही, नेमकं लिहायचं: "आड, मात्रा ६, अवग्रह गेला", "पलुस्कर टिंब उलटं". तिच्या वहीत असल्या चौदा ओळी झाल्या, त्यातल्या पाच दोनदा आलेल्या. शेवटचे तीन दिवस त्या पाचच ओळी. बाकी पुस्तक बंद.

विसाव्या दिवशी तिला सोडायला सांगितलेलं एकच नवं पान ती रात्री अकराला वाचायला बसली, ३४,८४८ रागांचं गणित. मी ओरडले. नंतर म्हणलं, ठीके, एका थाटात ४८४, थाट ७२, गुणाकार कर आन् झोप. तेवढ्यापुरतं ते येतं पण.

परीक्षेचं सेंटर दुसऱ्या गावाला असेल तर आदल्या दिवशीच जा, एप्रिलच्या उन्हात सकाळची गाडी चुकली तर नंतरच्या गाडीत जीव अर्धा होतो. सोबत फूटपट्टी, पेन्सिल, दोन पेनं. तालाच्या प्रश्नाला आधी पेन्सिलीनं मात्रांच्या उभ्या रेघा आखायच्या, मग बोल भरायचे, उलटं केलं की शेवटच्या मात्रेला जागा उरत नाही. भाचीनं पेपर हातात आल्यावर प्रश्न वाचायच्या आधी उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर कच्च्या कामात दोन ओळी लिहून टाकल्या, ४ ७ ९ १३ १७ २० २२ आन् खाली १ ५ ८ १० १४ १८ २१, आन् मग पान उलटून पहिला प्रश्न बघितला. सारणा चतुष्टयीच आली होती. पट्टी नव्हती, म्हणून फूटपट्टीच एकेक सेंटिमीटर डावीकडं सरकवत बसली, पर्यवेक्षक बाई दोनदा येऊन बघून गेल्या ही पोरगी नेमकं काय मोजायलीय म्हणून.